८० टक्क्यांनंतर चार्जिंग का रेंगाळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनच्या चार्जिंगबद्दल मला जे प्रश्न येतात, त्यातले बहुतेक शेवटी एकाच जागी पोचतात: सुरुवातीला सुसाट धावणारा आकडा ८० च्या आसपास गेला की का रेंगाळतो, आणि मग खोक्यावर छापलेल्या मिनिटांवर किती विश्वास ठेवायचा. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ३ आणि ४ मधला हिशेब एकदा नीट वाचलात, तर बाकीची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

१. फोन ८० टक्क्यांपर्यंत पटापट चार्ज होतो आणि मग अगदी हळू. चार्जर बिघडलाय का?

नाही. उलट तो जसा चालायला हवा तसाच चालतो आहे. फोनमध्ये असते तशी लिथियम-आयन बॅटरी दोन टप्प्यांत भरतात. पहिल्या टप्प्यात करंट ठरावीक ठेवतात आणि बॅटरीचं व्होल्टेज हळूहळू चढत जातं. ते कमाल मर्यादेला टेकलं की दुसरा टप्पा सुरू होतो. मग व्होल्टेज तिथेच धरून ठेवतात आणि करंट आपोआप उतरत जातो. तुम्हाला जाणवतो तो मंदपणा म्हणजे हा दुसरा टप्पा. आणि हे सगळं ठरवतं ते फोनच्या आतलं सर्किट. भिंतीतल्या ॲडॉप्टरचं काम फोन मागेल तेवढा पुरवठा करणं, एवढंच.

२. पण करंट आपोआप का उतरतो? चार्जर तर तोच असतो.

गच्चीवर शेजारी शेजारी दोन टाक्या आहेत आणि तळाशी एका बारीक पाइपने जोडल्या आहेत, असं समजा. एक काठोकाठ भरलेली, दुसरी रिकामी. व्हॉल्व्ह उघडला की पाणी जोरात धावतं. दुसरी टाकी भरत जाते तसा दोघींच्या पातळीतला फरक कमी होतो आणि धार बारीक होते. शेवटच्या दोन-चार इंचांना कंटाळा येईल इतका वेळ लागतो. पाइप तोच, पाणी तेच. ढकलणारा फरक तेवढा उरलेला नसतो.

बॅटरीत पातळीच्या जागी व्होल्टेज आहे आणि बारीक पाइपच्या जागी बॅटरीचा अंतर्गत रोध. बॅटरीच्या तोंडाशी दिसणारं व्होल्टेज हे तिचं खरं व्होल्टेज नसतं. आत जाणारा करंट त्या रोधातून जाताना थोडं व्होल्टेज खातो, आणि तेवढा आकडा फुगलेला दिसतो. जितका करंट जास्त, तितका फुगवटा जास्त. म्हणून जोरात चार्ज होणारी बॅटरी भरण्याच्या बरीच आधी मर्यादेला टेकते.

३. हे आकड्यांत दाखवाल का?

जरूर, कारण खरी गंमत आकड्यांतच आहे. ५००० एमएएचची बॅटरी घेऊ. कमाल व्होल्टेज ४.४५ (आजच्या फोनमध्ये साधारण एवढंच असतं, जुन्या सेलमध्ये ४.२ असायचं). अंतर्गत रोध ०.०५ ओहम आणि चार्जिंगचा करंट ५ अँपिअर धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत.

५ अँपिअर गुणिले ०.०५ ओहम म्हणजे ०.२५ व्होल्टचा फुगवटा. म्हणजे बॅटरीचं खरं व्होल्टेज ४.२० असतानाच बाहेरून ४.४५ दिसेल आणि पहिला टप्पा संपेल. अशा सेलचं खरं व्होल्टेज ४.२० असतं ते साधारण ८० टक्क्यांना. तिथवर ४००० एमएएच गेले, ५ अँपिअरने, म्हणजे ४८ मिनिटांत.

उरले १००० एमएएच. आता व्होल्टेज वाढवता येत नाही. खरं व्होल्टेज ४.३० झालं की ढकलायला ०.१५ व्होल्टच उरतात, म्हणून करंट ३ अँपिअर. ४.४० झालं की १ अँपिअर. हा उतार मांडला तर दर आठ-साडेआठ मिनिटांनी करंट निम्मा होतो, आणि भरायचं राहिलेलंही निम्मं होतं. म्हणजे ८० वरून ९० ला आठ मिनिटं, ९० वरून ९५ ला पुन्हा आठ, आणि ९५ वरून साडेसत्त्याण्णवला पुन्हा तेवढीच. पूर्ण शंभर असं कधी होतच नाही. करंट एका ठरलेल्या किमान आकड्याच्या खाली आला की फोन 'झालं' म्हणून थांबतो. तो आकडा पाव अँपिअर धरला तर दुसऱ्या टप्प्याला एकूण ३६ मिनिटं लागतात.

पहिल्या ८० टक्क्यांना ४८ मिनिटं, शेवटच्या २० ला ३६.

४. मग दुप्पट ताकदीचा चार्जर घेतला, तर शेवटचे २० टक्केही निम्म्या वेळात होतील ना?

नाही, आणि खरेदी करताना सर्वात जास्त फसगत इथे होते. तीच बॅटरी आता १० अँपिअरने चार्ज करू. फुगवटा ०.५० व्होल्ट. मर्यादा गाठली जाते ती खरं व्होल्टेज ३.९५ असतानाच, म्हणजे ६० टक्क्यांच्या आसपास. तिथवर फक्त १८ मिनिटं लागली, हे उत्तम. पण उतार लगेच सुरू झाला. पुढच्या आठ मिनिटांत ८० टक्के होतात आणि तिथे करंट किती उरलेला असतो? ५ अँपिअर. म्हणजे आपण बरोबर प्रश्न ३ मधल्या जागी आलो, आणि इथून पुढे तीच ३६ मिनिटं.

दोन्ही चार्जर शेजारी ठेवून बघा. ५० टक्क्यांना ३० मिनिटांच्या जागी १५. ८० टक्क्यांना ४८ च्या जागी २६. पूर्ण भरायला ८४ च्या जागी ६२. ताकद दुप्पट झाली, अर्ध्या बॅटरीचा वेळ निम्मा झाला, पण पूर्ण बॅटरीचा वेळ पावपटीनेच कमी झाला. शेवटच्या २० टक्क्यांत तर एक मिनिटही वाचलं नाही.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. रोधात होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दुप्पट करंटला बॅटरीच्या आत चौपट उष्णता.

फोन बनवणारे यातून वाट काढतात ती रोध कमी करून किंवा बॅटरीचे दोन भाग करून. दोन सेल एकामागे एक जोडले की तेवढीच ऊर्जा निम्म्या करंटने भरता येते. ७०–८० वॉटच्या पुढच्या बऱ्याच फोनमध्ये असंच केलेलं असतं. त्याने उतार उशिरा सुरू होतो, पण होतोच.

५. व्होल्टेजची मर्यादा जरा ओलांडली तर काय बिघडतं? कंपन्या उगाच घाबरतात का?

अजिबात नाही. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन बॅटरीच्या ग्राफाइटच्या बाजूला येतात आणि त्याच्या थरांमध्ये शिरून बसतात. रिकाम्या एसटीत चढणाऱ्यांना पटापट जागा मिळते. गाडी भरत आली की मागच्या बाकापर्यंत सरकायला वेळ लागतो, आणि दाराशी गर्दी साचते. बॅटरीतही भरत आलेल्या ग्राफाइटवर तेवढ्याच वेगाने आयन ढकलत राहिलं, तर त्यांना आत शिरायला उसंत मिळत नाही. मग ते पृष्ठभागावरच लिथियम धातू होऊन बसतात.

या धातूच्या थरातला बराच भाग पुन्हा कामाला येत नाही, त्यामुळे क्षमता कायमची घटते. त्याहून वाईट म्हणजे तो सुयांसारखा वाढला, तर दोन बाजूंमधला पातळ पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. व्होल्टेज फार चढलं की दुसरी बाजूही खराब होते: कॅथोडची रचना ढासळते आणि इलेक्ट्रोलाइटचं विघटन होतं. शेवटच्या टप्प्यातला मंदपणा हे सगळं टाळण्यासाठी आहे.

थंडीत आयन आणखी सावकाश सरकतात. म्हणूनच गोठणबिंदूच्या खाली फोन चार्जिंग फार कमी करतात किंवा थांबवतात.

६. ८० हाच आकडा का? ७५ किंवा ९० का नाही?

८० मध्ये निसर्गनियम काही नाही. बॅटरी ८० ला पोचते तेव्हा तिच्या आत काहीही बदलत नाही. उतार कुठे सुरू होईल ते करंट आणि रोध यांच्यावर अवलंबून आहे, हे प्रश्न ३ आणि ४ मध्ये दिसलंच. सावकाश चार्ज करा, १ अँपिअरने, तर फुगवटा ०.०५ व्होल्टच राहील आणि पहिला टप्पा ९५ पर्यंत चालेल. खूप जोरात करा, तर तो ५०–६० ला संपेल.

आकडा रूढ झाला त्याला कंपन्यांचं लिखाणही कारणीभूत आहे. ॲपलच्या बॅटरीविषयक पानावर अनेक वर्षं असंच लिहिलेलं आहे, की ८० टक्क्यांपर्यंत जलद आणि नंतर सावकाश. शिवाय आजचे जलद चार्जिंगचे फोन दोनच टप्प्यांत चालत नाहीत. ते करंट पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात, त्यामुळे तुमच्या फोनमध्ये ४०, ६० आणि ८० अशा ठिकाणी वेग बदललेला दिसू शकतो.

७. माझा चार्जर ६७ वॉटचा आहे. हिशेबाने १७ मिनिटांत फोन भरायला हवा, पण पाऊण तास लागतो. फसवणूक आहे का?

हिशेब तुम्ही बरोबर केलात. ५००० एमएएच गुणिले सरासरी ३.८७ व्होल्ट म्हणजे साधारण १९.४ वॉट-तास. भागिले ६७ वॉट, तर १७ मिनिटं. चूक एवढीच, की ६७ वॉट हा कमाल आकडा आहे, सरासरी नव्हे. तो मिळतो सुरुवातीची काही मिनिटं, बॅटरी बरीच रिकामी आणि थंड असताना. शिवाय ॲडॉप्टरपासून बॅटरीपर्यंत काही भाग उष्णता होऊन जातो.

उलटा हिशेब जास्त उपयोगी आहे. १९.४ वॉट-तास पाऊण तासात भरले, म्हणजे बॅटरीत सरासरी साधारण २६ वॉट गेले. दोन फोनची तुलना करताना खोक्यावरचे वॉट बाजूला ठेवा आणि हा सरासरी आकडा काढा. '१२० वॉट' आणि '६७ वॉट' ही नावं ऐकून वाटतो तेवढा फरक सरासरीत सापडत नाही.

८. '३० मिनिटांत ५० टक्के' ही जाहिरात कशी वाचायची?

हा दावा बहुधा खराच असतो, फक्त सोप्या अर्ध्याबद्दल असतो. कित्येक वर्षं ॲपल बऱ्याच आयफोनसाठी २० वॉट किंवा जास्तीच्या ॲडॉप्टरवर सुमारे ३० मिनिटांत ५० टक्क्यांपर्यंत, असं लिहीत आलं आहे. यातून पूर्ण चार्ज ६० मिनिटांत होईल, असा त्रैराशिकाचा हिशेब मात्र करू नका. पहिल्या ५० चा वेग पुढच्या ५० ला मिळत नाही, कारण उतार त्याच बाजूला आहे.

तळटीप वाचायची सवय लावा. तिथे तापमान दिलेलं असतं (बहुधा २५ अंशांच्या आसपास), स्क्रीन बंद होती का ते असतं, आणि कधी कधी एखादा 'बूस्ट' मोड सेटिंगमध्ये चालू करावा लागतो हेही असतं. 'पर्यंत' हा शब्दही नीट पाहा. '६७ वॉटपर्यंत' यात ४० वॉटही बसतात.

९. '१ ते १०० टक्के इतक्या मिनिटांत' असं लिहिलं असेल, तर ते पक्कं समजायचं का?

स्क्रीनवर १०० कधी दाखवायचं, हे फोनचं सॉफ्टवेअर ठरवतं. प्रश्न ३ मध्ये पाहिलं की शेवटचा टक्का-दीड टक्का भरायला बराच वेळ जातो. म्हणून काही फोन करंट पुरेसा उतरला की १०० दाखवतात आणि चार्जिंग पुढे चालूच राहतं. वापरणाऱ्याचं त्यात नुकसान नाही, पण दोन कंपन्यांच्या १०० ची तुलना डोळे झाकून करता येत नाही. पारख करायची असेल तर १०० दिसल्यावर यूएसबी पॉवर मीटरवर नजर ठेवा. फोनची स्क्रीन बंद असूनही बराच वेळ काही वॉट जात असतील, तर बॅटरी अजून भरते आहे.

तुलनेसाठी सर्वात भरवशाचा आकडा म्हणजे २० ते ८० टक्के. सुरुवातीची उडी आणि शेवटची शेपटी, दोन्ही त्यातून निघून जातात.

१०. भावाचा ८० वॉटचा चार्जर माझ्या फोनला लावला, तर माझ्या २५ वॉटच्या चार्जरपेक्षाही हळू चालला. असं कसं?

ॲडॉप्टर आणि फोन आधी आपसात बोलतात. दोघांची भाषा जुळली नाही, तर सगळ्यांना समजणाऱ्या सुरक्षित आकड्यावर उतरतात, आणि तो ५ व्होल्टवर १० वॉटच्या आसपास असू शकतो. ८० वॉट आहेत ते कंपनीच्या स्वतःच्या भाषेत. ॲडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. उदाहरणार्थ, काही ६५ वॉटच्या ॲडॉप्टरवर `10V 6.5A` छापलेलं असतं. ही जोडी यूएसबीच्या सामाईक नियमांतली नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या फोनला ती मिळणार नाही. तुमच्या २५ वॉटच्या चार्जरवर `PPS` असं लिहून त्यापुढे `3.3-11.0V 2.25A` यासारखी ओळ असेल, तर तो फोनला हवं तेवढं व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी देऊ शकतो.

केबलचाही वाटा आहे. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच धरतात. ५ अँपिअरसाठी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. जुळणारा ॲडॉप्टर असूनही वेग कमी असेल, तर आधी केबल बदलून पाहा.

११. मे महिन्यात गाडीत लावला की फोन ८० वर अडकतो आणि पुढे जातच नाही. हाही तोच उतार का?

नाही, हा वेगळा प्रकार. उतारात आकडा सावकाश का होईना, पुढे जातो. तो तासभर हललाच नाही, तर कारण दोनांपैकी एक असतं.

पहिलं, तापमान. ॲपल आयफोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं, आणि बॅटरी जास्त तापली तर ८० च्या पुढचं चार्जिंग सॉफ्टवेअर रोखू शकतं, असंही सांगतं. अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात डॅशबोर्डवर काचेखाली नकाशा लावून ठेवलेल्या फोनला ३५ अंश कुठून मिळणार? तो एसीच्या झोतासमोर धरा, कव्हर काढा. थंड झाला की आकडा पुन्हा चालू लागतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत पाणी धरतं.

दुसरं, सेटिंग. आयफोन १५ पासून ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे, आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही 'बॅटरी प्रोटेक्शन' नावाने तशीच सोय असते. घरात कुणीतरी ती चालू केलेली असते आणि विसरलेली असते.

यातलं नेमकं कोणतं, ते ओळखण्याची पद्धत प्रश्न १२ मध्ये.

१२. माझ्या फोनचा उतार मी घरी कसा मोजू?

सोपी पद्धत: फोन १० टक्क्यांवर आला की चार्जिंगला लावा, स्क्रीन बंद ठेवा आणि दर १० टक्क्यांना घड्याळातली वेळ कागदावर लिहा. ओळींमधलं अंतर कुठे वाढतं, ते लगेच दिसतं.

अँड्रॉइड फोन आणि कॉम्प्युटर हाताळता येत असेल, तर याहून नेमकं मोजता येतं. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, तेच वापरा. केबलने जोडलात तर फोन कॉम्प्युटरवरून चार्ज होईल आणि मोजणीच निरर्थक होईल. मग कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडच्या adb या साधनाने फोनला असं विचारा:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात इतर ओळींबरोबर असं काही दिसेल:

```
Charge counter: 4480000
status: 2
level: 90
voltage: 4448
temperature: 336
```

`voltage` मिलिव्होल्टमध्ये आहे, म्हणजे ४.४४८, मर्यादेला टेकलेलं. `temperature` दशांश अंशांत, म्हणजे ३३.६. `Charge counter` हा बॅटरीत किती भरलं त्याचा आकडा, मायक्रोअँपिअर-तासांत. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं आणि तो ४६५०००० झाला, तर १७० एमएएच भरले, म्हणजे सरासरी करंट साधारण २ अँपिअर. सगळे फोन हा आकडा देत नाहीत.

प्रश्न ११ चं उत्तरही इथेच आहे. `status` २ म्हणजे चार्जिंग चालू, ४ म्हणजे तार लागलेली आहे पण चार्जिंग थांबलेलं. ४ दिसलं आणि तापमान चाळिशीच्या पुढे असेल, तर उष्णता. ४ आहे पण तापमान तिशीत, तर सेटिंग तपासा.

१३. निघायला वीसच मिनिटं आहेत. काय करू?

बॅटरी २० वर असेल तर लगेच लावा, तुमच्या हातात सर्वात वेगवान वीस मिनिटं आहेत. ८५ वर असेल तर वीस मिनिटांत फारसं काही हाती लागणार नाही, फोन खिशात टाका आणि निघा. दिवसभर प्रवास असेल तर एकदाच शंभर करण्यापेक्षा दोनदा ३० वरून ७० केलं, तर प्लगपाशी कमी वेळ बसावं लागतं. स्टेशनवरच्या गर्दीत मिळालेल्या एकाच सॉकेटसाठी हे लक्षात ठेवा.

रोज ८० ला थांबवल्याने बॅटरी जास्त टिकते का, हा प्रश्नही सोबत येतोच. हो, टिकते, कारण जास्त व्होल्टेजवर बसून राहणं बॅटरीला सोसत नाही, आणि त्यात उष्णता मिळाली तर आणखीच नाही. पण तुमचा दिवस ८० वर निभत नसेल, तर भरा शंभर. फोन वापरण्यासाठी घेतला आहे.

१४. तीन वर्षांच्या फोनमध्ये उतार ६०–६५ पासूनच सुरू होतो. आधी असं नव्हतं.

बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रश्न ३ मधल्या हिशेबात ०.०५ च्या जागी ०.१० ओहम घाला. ५ अँपिअरला फुगवटा आता ०.५० व्होल्ट, म्हणजे उतार ६० ला सुरू. शिवाय करंट निम्मा व्हायला आठ-साडेआठच्या जागी जवळपास सतरा मिनिटं लागतात. शेवटच्या २० टक्क्यांची ३६ मिनिटं ५५ होतात, चार्जर नवा कोरा असला तरी.

याच रोधाची दुसरी खूण उलट दिशेने दिसते. २०–२५ टक्के शिल्लक असताना कॅमेरा उघडला की फोन अचानक बंद पडतो, आणि चार्जरला लावला की पुन्हा तेवढेच टक्के दाखवतो. चार्जिंगला जो रोध व्होल्टेज फुगवतो, तोच जास्त करंट ओढताना ते खाली पाडतो. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर चार्जरवर पैसे घालवू नका, बॅटरी बदलून घ्या. आणि बदलण्याआधी प्रश्न १२ मधली वेळांची यादी एकदा करून ठेवा. नव्या बॅटरीवर तीच यादी पुन्हा केली, की दुकानदाराने खरोखर चांगला सेल घातला आहे का ते कळेल: उतार पुन्हा वर सरकलेला दिसला पाहिजे.